फेटलेली कॉफी: एक-एक-एक चमच्याचे गणित कुठे फसते

प्रश्न: एक-एक-एक असे प्रमाण सगळीकडे वाचले. तीन चहाचे चमचे सत्तर-तीस चिकोरीवाली इन्स्टंट कॉफी, तीन चमचे साखर आणि किटलीतून अंदाजाने तेवढेच गरम पाणी घेतले. प्लास्टिकच्या वाडग्यात अर्धा तास फेटले, तरी वर चार बुडबुडे आणि खाली चॉकलेटी पाणीच. एप्रिलमध्ये बाटलीतल्या शुद्ध कॉफीने एकदा छान जमले होते, आता पावसात अजिबात नाही. नेमके प्रमाण किती आणि चुकते कुठे? (फोंडा)

उत्तर: तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. पाण्याच्या मानाने कॉफी फार कमी पडली आहे, आणि तसे झाले की अर्धा तास काय, दोन तास फेटले तरी फेस उभा राहत नाही. म्हणून आधी वजनाचे प्रमाण सांगतो: कॉफी एक भाग, साखर दोन भाग, पाणी अडीच भाग. चार ग्लासांसाठी १२ ग्रॅम शुद्ध इन्स्टंट कॉफी, २४ ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम, म्हणजेच ३० मिली पाणी. दोनच ग्लास हवे असतील तर सगळ्याचे निम्मे. पण स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर ६ ग्रॅम मोजताना एक ग्रॅम इकडेतिकडे होतोच आणि तेवढ्यानेही फरक पडतो, तेव्हा पहिल्या खेपेला १२ ग्रॅमचाच घाणा करा. उरलेला फेस फ्रिजमध्ये राहतो.

एक-एक-एक हे प्रमाण चुकीचे नाही, पण ते चमच्याचे आहे, आणि चमचा भरतो तो आकाराने. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात पाणी १५ ग्रॅम बसते, साखर सपाट घेतली तर १२ ते १३ ग्रॅम. कॉफी मात्र हलकी, पोकळ. बारीक भुकटी सपाट चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम भरते आणि फुगीर, टपोरे दाणे असतील तर ३ ग्रॅमच्या आसपासच. म्हणजे एकच पाककृती, एकच चमचा, तरी एका घरात पाणी कॉफीच्या तिप्पट होते आणि दुसऱ्या घरात पाचपट. ज्यांना जमते त्यांनी बहुधा कॉफीचा चमचा शीग लावून घेतलेला असतो आणि साखरेचा सपाट. पाणी कॉफीच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असेल तर फेस हमखास येतो. चौपटीला वेळ बराच लागतो आणि फेस मऊ राहतो. पाचपटीच्या पुढे हाताने फेटून टोक उभे राहील ही आशा सोडावी.

आता तुमचा हिशेब पाहू. चहाच्या चमच्यात दीड ग्रॅम कॉफी धरली तर तीन चमच्यांची झाली साडेचार ग्रॅम. त्यातला तीस टक्के भाग चिकोरीचा, म्हणजे खरी कॉफी जेमतेम तीन ग्रॅम. पाणी तुम्ही तीन चमच्यांइतके, म्हणजे १५ मिली धरले होते. पण किटलीतून ओतताना १५ मिलीवर हात थांबत नाही, २५ ते ३० मिली सहज पडते. तीन ग्रॅम कॉफीला तीस ग्रॅम पाणी, म्हणजे दहापट. समजा पाणी अगदी चमच्याने मोजून १५ मिली घातले असते, तरी ते पाचपट झाले असते. एप्रिलमध्ये शुद्ध कॉफी होती, भुकटी कोरडी होती आणि बहुधा पाणीही कमी पडले होते, म्हणून जमले.

काटा नसेल तरी हे मोजता येते. कॉफीच्या छोट्या पुड्यांवर वजन छापलेले असते. ते वाचून १२ ग्रॅम होतील इतक्या पुड्या फोडा. साखर सपाट मोठ्या चमच्याने दोन घ्या. पाण्यासाठी घरातल्या औषधाच्या बाटलीवरचे ५, १०, १५ मिलीच्या खुणांचे प्लास्टिकचे माप स्वच्छ धुऊन वापरा. किटलीतून थेट भांड्यात पाणी ओतायचे नाही, हा एक नियम पाळला तरी निम्मे प्रयत्न सुधारतात.

कॉफी इतकी दाट का लागते, ते कळले की बाकीच्या चुका आपोआप ओळखू येतात. फेस म्हणजे पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. नुसत्या साखरेच्या पाण्यात हवा घातली तर ती लगेच निसटते, कारण बुडबुड्याभोवती टिकणारी कातडी धरायला त्यात काही नसते. कॉफी भाजताना तयार होणारे तपकिरी, मोठ्या रेणूंचे पदार्थ (मेलानॉइडिन), कॉफीतली प्रथिने आणि पाण्यात विरघळणारे लांब साखळीचे शर्करापदार्थ हे काम करतात. हवा आत शिरली की ते बुडबुड्याच्या कडेला जाऊन चिकटतात. पाणी जास्त असेल तर ते विरळ होतात, कातडी अर्धवट धरते आणि शेजारचे दोन बुडबुडे फुटून एक होतात. तुम्हाला वर दिसलेले मोठे, काचेसारखे बुडबुडे ते हेच.

इन्स्टंट कॉफीच का लागते, याचेही उत्तर इथेच आहे. ती म्हणजे काढलेल्या कॉफीचे पाणी उडवून उरलेला कोरडा अर्क. पाणी किती परत घालायचे ते आपल्या हातात राहते आणि तिच्यात तेल नगण्य असते. फिल्टर कॉफीचे डिकॉक्शन कितीही कडक काढले तरी त्यात पाणीच बहुतेक असते आणि बियांचे तेलही थोडे उतरते. दळलेली फिल्टर पावडर तर विरघळतच नाही, तिचा चोथा तळाशी बसतो. दूध पावडर आणि साखर आधीच मिसळलेले जे तयार पुडे मिळतात, त्यांत कॉफी थोडी आणि स्निग्धांश भरपूर. या तिन्हींवर मेहनत घालवू नका. ग्रीसमधली फ्रापे कॉफी १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापार मेळ्यात जन्मली. तीही इन्स्टंट कॉफीचीच, पण पाणी जास्त घालून शेकरमध्ये हलवलेली. तिला फेस येतो तो ओतता येणारा, सैल. चमच्यात उभा राहणारा फेस हवा असेल तर दाटपणाला पर्याय नाही.

चिकोरीबद्दल तुम्ही थेट विचारले नाही, पण तुमच्या बाबतीत अर्धे कारण तीच आहे. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणाच्या पाकिटावर दोन्हींची टक्केवारी छापणे बंधनकारक आहे आणि मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे एक पाकीट ७०-३० असेल तर दुसरे ५३-४७ असू शकते, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. चिकोरी पाण्यात विरघळते, रंग आणि जाडी देते, पण बुडबुडा धरण्यात ती कॉफीची जागा घेत नाही. ७०-३० मिश्रणाने फेस येतो. फक्त हिशेब त्यातल्या कॉफीच्या वजनावर करायचा. १२ ग्रॅम कॉफी मिळायला असे मिश्रण १७ ग्रॅम लागेल, पाणी तेच ३० मिली. फेस थोडा गडद, थोडा मऊ येईल आणि शुद्ध कॉफीच्या आधी बसेल. निम्म्याच्या आसपास चिकोरी असलेले पाकीट मात्र दुधात ढवळून प्यायलाच ठेवावे.

साखरेचे काम चवीपलीकडचे आहे. फेस धरते कॉफी, टिकवते साखर. साखरेने पापुद्र्यातले पाणी घट्ट होते, ते खाली झिरपायला वेळ लागतो, म्हणून फेस चकचकीत दिसतो आणि ग्लासात बराच वेळ तसाच राहतो. साखर निम्मी केली, म्हणजे १२ ग्रॅम कॉफीला १२ ग्रॅम घेतली, तरी चांगला फेस येतो, फक्त लगेच प्यायला हवा. साखर अजिबात न घालता फेटले तर फेस वर येतो, पण रखरखीत आणि काही मिनिटांत खाली बसणारा. गोडव्याचे थेंब किंवा गोळ्या घातल्याने चव येते. घट्टपणा येत नाही, कारण त्यांचे वजनच नसते. मधुमेहामुळे साखर टाळायची असेल तर हे पेय बिनसाखरेचे फेटून ताबडतोब प्यावे, एवढाच प्रामाणिक मार्ग आहे.

आपल्याकडचा माडाचा गूळ घालून पाहायचा असेल तर तो आधी मोजलेल्या पाण्यातच विरघळवून, बारीक गाळणीने गाळून, पूर्ण थंड करून घ्या. गुळात स्वतःचा ओलावा असतो, म्हणून पाणी ३० ऐवजी २५ मिलीच घेतलेले बरे. फेस साखरेइतका ताठ होत नाही, पण कॉफीबरोबर ती चव फार जुळते आणि त्यासाठी थोडा मऊ फेस मला मान्य आहे.

आता कृती. साखर, कॉफी आणि पाणी उंच, अरुंद स्टीलच्या भांड्यात घ्या. एवढे सगळे मिळून जेमतेम ५० मिली होते. पसरट वाडग्यात ते तळाला पापुद्र्यासारखे पसरते, व्हिस्क त्यात बुडतच नाही आणि हवा आत जात नाही. गरम पाणी लागतेच असे नाही. ३० मिली साध्या पाण्यातही २४ ग्रॅम साखर सहज विरघळते, कारण पाणी आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट साखर सामावून घेते. गरम पाण्याने फक्त वेळ वाचतो. म्हणून कडकडीत नको, चांगले गरम पाणी घाला, दाणा लागेनासा होईपर्यंत ढवळा आणि मग भांडे निवू द्या. गरम पाक पातळ असतो, पातळ पाकातून बुडबुडे लवकर निसटतात. मे महिन्यात किंवा पावसातल्या दमट उकाड्यात भांडे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून फेटले तर फरक लगेच दिसतो. फक्त बर्फाचे पाणी आत उडू देऊ नका.

फेटताना डोळे रंगावर ठेवा. सुरुवातीला काळसर पाक आणि मोठे बुडबुडे दिसतात. मग बुडबुडे बारीक होतात, रंग तपकिरी होतो आणि भांड्यातली पातळी चढू लागते. पुढे व्हिस्कच्या मागे रेघा उमटतात आणि क्षणात पुसल्या जातात. इथेच बहुतेक जण कंटाळून थांबतात. तसेच चालू ठेवले की रेघा पुसल्या जायच्या बंद होतात, रंग फिक्या बदामीकडे झुकतो आणि व्हिस्क वर उचलली की टोक उभे राहून जरासे वाकते. तिथे थांबा. त्यापुढे फेटत राहिलात तर फेस चिवट, कोरडा होतो आणि दुधात मिसळायला नाखूश असतो. तारांच्या व्हिस्कने आठ ते बारा मिनिटे, विजेच्या बीटरने तीन-चार मिनिटे लागतात. बॅटरीवरचा छोटा फ्रॉदर चालतो, पण शेवटी फेस दाटला की तो अडखळतो; तेव्हा चमच्याने पुरे करावे. ताकाची रवी अरुंद भांड्यात चांगले काम करते, मात्र लाकडात लोण्याचा अंश मुरलेला नसावा. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एवढे थोडे मिश्रण पात्यांपर्यंत पोचत नाही, भिंतीला उडून बसते.

दहा मिनिटांनंतरही रेघा उमटल्या नाहीत तर आणखी जोर लावू नका. चूक दुसरीकडे आहे. चमचा उचलून पाहा. थेंब पाण्यासारखे टपटप पडत असतील तर पाणी जास्त आहे. धार दाट आहे, पण वर बारीक फेस धरत नाही आणि कडेला तवंगासारखे डाग दिसतात, तर स्निग्धांश शिरला आहे. मिश्रण डांबरासारखे चिकटून व्हिस्कच्या तारांतच गोळा होत असेल तर पाणी कमी पडले. अर्धा चहाचा चमचा पाणी घालून पुन्हा सुरू करा, दोन मिनिटांत ते फुलते.

स्निग्धांश ही आपल्या घरांतली खरी अडचण आहे. खोबरेल तेलाचा हात आणि ज्यात कालवणाचे वाटण काढून ठेवले होते ते प्लास्टिकचे भांडे, एवढे पुरते. तेलाचा बारीकसा थेंबही बुडबुड्याच्या कातडीत घुसून ती फोडतो. प्लास्टिक धुतले तरी तेल पुरते सोडत नाही, म्हणून स्टील किंवा काच वापरावी. भांडे आणि व्हिस्क साबण लावून गरम पाण्याने धुवा, लिंबाची फोड आतून फिरवा, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. तुमचा प्लास्टिकचा वाडगाही या कामातून बाद करा.

पावसाळ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे हवेतला ओलावा. इन्स्टंट कॉफी दमट हवा शोषून घेते. जून ते सप्टेंबर गोव्यात झाकण सैल राहिलेल्या बाटलीत आधी गुठळ्या होतात, मग तळाशी चिकट, काळी वडी जमते. अशा कॉफीच्या १२ ग्रॅममध्ये थोडे पाणीच असते. भुकटी नुसती गुठळ्यांची झाली असेल, वास ताजा असेल, तर गुठळ्या मोडून १३ ग्रॅम घ्या आणि पाणी २८ मिली ठेवा. गुठळी पूर्ण विरघळल्याशिवाय फेटायला घेऊ नका. वडी चिकट झाली असेल आणि आंबूस वास येत असेल तर टाकून द्या. पाकीट उघडले की भुकटी लगेच काचेच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि चमचा पूर्ण कोरडा घाला. ती फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड बाटली बाहेर काढून उघडली की आत दव धरते आणि उलट लवकर बिघडते.

तुमचे फसलेले मिश्रण अजून असेल तर ते वाचवता येते. त्यात ३० मिली पाणी आणि तीन ग्रॅमच्या आसपास कॉफी आहे असे धरा. शुद्ध इन्स्टंट कॉफी नऊ ग्रॅम आणि एकूण दोन मोठे चमचे भरतील इतकी साखर घाला, पाण्याचा थेंबही नको. थोडे कोमट करून विरघळवा, स्टीलच्या भांड्यात काढा, निवू द्या आणि मग फेटा. प्लास्टिकमधून तेल उतरले असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही. तेव्हा ते तसेच दुधात घालून पिऊन टाकलेले बरे.

ग्लासात आधी बर्फ, मग १५० मिलीच्या आसपास थंड दूध आणि वर फेस चमच्याने अलगद सोडा. पिशवीचे दूध तापवले असेल तर साय गाळून घ्या. सायीचे तुकडे फेसाला खालून पोखरतात. गरम दुधावर फेस तळाकडून लवकर विरघळतो, म्हणून तो ताठ हवा आणि लगेच प्यावा. नारळाचा दाट रस वापरू नये, त्यातल्या तेलाने फेस बघता बघता फाटतो. हवाच असेल तर पातळ, दुसऱ्यांदा पिळलेला रस घ्या.

या पेयाला कोरियात डालगोना हे नाव २०२० च्या सुरुवातीला तिथल्या एका टीव्ही कार्यक्रमामुळे मिळाले. कार्यक्रमातल्या अभिनेत्याने ते मकावमध्ये प्यायले होते आणि त्याला त्यात कोरियातल्या साखरेच्या डालगोना मिठाईची चव आठवली. मकाव म्हणजे गोव्यासारखीच एके काळची पोर्तुगीज वसाहत. उत्तर भारतात मात्र कपात चमच्याने फेटलेली कॉफी त्याच्या कितीतरी आधीपासून होत आली आहे. ती बहुधा गरम दुधाने पातळ करतात, त्यामुळे तिथे फेस मऊ राहिला तरी कुणाचे अडत नाही.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. शुद्ध इन्स्टंट कॉफीत कॅफीन वजनाच्या साधारण तीन टक्के असते. १२ ग्रॅमच्या घाण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास झाले, म्हणजे चार ग्लास केले तर दर ग्लासात नव्वदच्या जवळपास. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर बाईसाठी २०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते. सगळा फेस एकाच ग्लासात ओतून पिणे म्हणूनच बरे नव्हे, आणि मुलांना तर हे देऊच नये.

उरलेला फेस हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. तळाशी थोडा पाक सुटलेला दिसला तर तो ओतून टाकू नका, तो फेसाचाच भाग आहे. मिनिटभर पुन्हा फेटला की एकजीव होतो. फ्रीझरमध्येही ठेवता येतो. साखरेमुळे तो दगडासारखा गोठत नाही, चमच्याने काढून थेट थंड दुधावर सोडता येतो.